‘स्मरेन्’ म्हणजे मी नव्हे : प्रस्तावना

या पुस्तकाचे मूळ एका पानाच्या पत्रात आहे. उत्तर जर्मनीत शिकणाऱ्या नातवाने ते पुण्यात आजोबांना लिहिले. ‘ती. आजोबांस सा. न. वि. वि.’ हा मायना त्याने कसाबसा आठवून लिहिलेला दिसतो, पण पुढचा मजकूर अगदी सरळ आहे. जूनचा महिना, रात्रीचे दहा वाजत आले तरी बाहेर उजेड. पडदा ओढून हा अंथरुणावर पडतो आणि लहानपणच्या सवयीने एक श्लोक पुटपुटतो. खोलीतला कोलंबियाचा जोडीदार एके रात्री विचारतो, रोज झोपताना हे काय म्हणतोस? ‘संस्कृत प्रार्थना’ एवढेच उत्तर याला सुचते. जोडीदार अर्थ विचारतो आणि हा गप्प होतो. ‘आजोबा, तुम्हीच मला मांडीवर घेऊन हे शिकवलंत. मी इतकी वर्षं नेमकं काय म्हणतोय?’ एवढा प्रश्न, खाली सही, आणि ताजा कलम : ‘फोनवर सांगू नका, लिहून पाठवा. फोनवर सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही.’

या ताज्या कलमामुळे पुस्तक झाले. आजोबा आणि मी एका शाळेत शिकलो. पुढे मी तीस वर्षे संस्कृत शिकवले आणि ते हिशेब तपासत राहिले. पत्र हातात पडताच ते माझ्याकडे आले. अर्थ त्यांना ठाऊक होता, असे त्यांना वाटत होते. लिहायला बसल्यावर कळले की आपल्यालाही पाचांपैकी साडेतीन नावेच नीट माहीत आहेत. ‘अरे, वृकोदर भीम हे माहीत होतं. पण तो इथे झोपायच्या खोलीत काय करतोय?’

श्लोक बहुतेकांच्या कानावरचा आहे. राम, स्कंद, हनुमान, वैनतेय म्हणजे गरुड, आणि वृकोदर म्हणजे भीम, या पाचांचे अंथरुणावर नित्य स्मरण करणाऱ्याचे दुःस्वप्न नाहीसे होते, एवढाच त्याचा आशय. त्याला कर्त्याचे नाव चिकटलेले नाही. आजीकडून नातवाकडे, तोंडातून कानात, तो आला. वाईट स्वप्नाची धास्ती मात्र या श्लोकाहून कितीतरी जुनी आहे, आणि माणसांनी तिच्यावर शोधलेले उपाय वेगवेगळ्या तऱ्हेचे आहेत. श्लोकाचा अर्थ लावायचा तर ते आधी पाहावे लागतात.

सर्वांत जुना उपाय झोप आणण्याचा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या पंचावन्नाव्या सूक्तात आई, बाप, कुत्रा, घरचा प्रमुख, सगळ्यांना झोपी जायला सांगितले आहे. परंपरा सांगते की वसिष्ठ वरुणाच्या घरात शिरले तेव्हा अंगावर आलेल्या कुत्र्याला त्यांनी या मंत्रांनी झोपवले. अंगाईचे सगळ्यात जुने रूप राखणीच्या कुत्र्याला उद्देशून असावे, याची मला मोठी मौज वाटते. दुसरा उपाय स्वप्न पडून गेल्यानंतरचा. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात स्वप्नालाच समोर उभे करून बोलले आहे : तू जिवंत नाहीस, मेलेलाही नाहीस, वरुणानी तुझी आई, यम तुझा बाप. शेवटी, कर्ज जसे थोडे थोडे करून फेडतात तसे हे दुःस्वप्न आम्ही आमच्या शत्रूकडे पोचते करतो, असे म्हटले आहे. हा सरळ सरळ उतारा झाला. वाईट गोष्ट नाहीशी होत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जाऊन पडते. भागवतातल्या गजेंद्राच्या कथेच्या फलश्रुतीतही दुःस्वप्नाचा उल्लेख आहे, पण तिथला पाठ सकाळी उठून करायचा आहे, म्हणजे रात्र सरल्यानंतर.

तिसरा उपाय झोपण्याआधीचा, आणि आपल्या घरांत टिकला तो हाच. त्यातही पोटभेद आहेत. हातापायांनी, वाचेने, मनाने झालेल्या चुकांची शंकराकडे क्षमा मागणारा पंधरा अक्षरी मालिनी वृत्तातला श्लोक काही घरांत म्हणतात. दिवसाचा हिशेब मिटवून मग पडायचे. अगस्ती, माधव, मुचुकुंद, कपिल आणि आस्तिक अशा पाच सुखाने झोपणाऱ्यांची नावे काही घरांत घेतात. मुचुकुंदाची झोप मोडणारा कालयवन जळून खाक झाला, ही गोष्ट ठाऊक असलेल्या मुलाला त्या श्लोकाचा दिलासा वेगळाच वाटत असणार. नातवाचा श्लोक यांहून निराळा आहे. त्यात क्षमा मागायची नाही, आणि त्यातले कुणी झोपाळूही नाहीत. पाचही जण पहाऱ्यावर उभे राहावेत असे.

अशा श्लोकांना अभ्यासकांनी फारसे जवळ केले नाही, त्यालाही कारण आहे. सुभाषितांचे संग्रह आपल्याकडे उत्तमोत्तम झाले. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी जल्हणाने 1258 साली ‘सूक्तिमुक्तावली’ सिद्ध केली. बंगालातल्या विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोष’ गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी वा. वि. गोखल्यांसह संपादित केला आणि तो 1957 साली हार्वर्डच्या मालेत निघाला. ओटो ब्योटलिंक या रशियातल्या जर्मन पंडिताने तर सात हजार सहाशेवर वचने जर्मन भाषांतरासह छापली. पण हे सगळे काव्याचे आणि नीतीचे पारखी. झोपतानाच्या श्लोकात अलंकार नाही, चमत्कृती नाही; पाच नावे आणि एक आश्वासन. त्याची जागा नित्यपाठाच्या चार पैशांच्या पुस्तिकेत. तिथे पाठभेद तपासायला संपादक नसतो, म्हणून चुकाही पिढ्यान्‌पिढ्या तशाच चालतात.

त्या चुका नातवाने आपल्या दुसऱ्या पत्रात स्वतःच मांडल्या आहेत, आणि माझ्या मते पुस्तकाचा गाभा तोच आहे. आजोबांनी त्याला सांगितले होते की आधी अर्थ विचारू नकोस. लहानपणी तुला काय ऐकू येत होते, ते जसेच्या तसे लिही. त्याने प्रामाणिकपणे लिहिले. ‘वैनतेयं’ हा शब्द तो ‘वैनते’ आणि ‘यम’ असा तोडत असे, आणि झोपताना यमाचे नाव कशाला घ्यायचे म्हणून तेवढे हळू म्हणत असे. ‘वृकोदर’ त्याला ‘वृक्षोदर’ ऐकू येई, आणि ज्याच्या पोटात झाड आहे असा कुणी राक्षस डोळ्यांसमोर येई. आणि ‘स्मरेन्’ म्हणजे त्याच्या लेखी ‘मी स्मरेन’, म्हणजे ‘मी आठवण ठेवीन’. रोज रात्री आपण आजोबांना वचन देतो आहोत, असे त्याला वाटत असे.

यमाची चूक वाचून मी चकित झालो. अथर्ववेदाने यमाला स्वप्नाचा बाप म्हटल्याचे या मुलाला कुठून कळणार? पण म्हणून त्याचे ऐकणे बरोबर ठरत नाही. वैनतेय म्हणजे विनतेचा मुलगा. आईच्या नावावरून मुलाचे नाव करायची संस्कृतची रीत आहे. कुंतीचा कौंतेय तसा विनतेचा वैनतेय. विनता कद्रूची दासी झाली होती, आणि तिला सोडवायला गरुडाने स्वर्गातून अमृत आणले. कद्रू नागांची आई, गरुड नागांचा वैरी. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्या घरात, विशेषतः पावसाळ्यात, गरुडाचे नाव का घेत असतील ते सांगायला नको.

‘स्मरेन्’ची चूक जास्त खोल आहे, कारण ती मराठी कानाची आहे. मराठीत ‘करीन’, ‘येईन’, ‘स्मरेन’ हे पहिल्या पुरुषाचे भविष्यकाळ. संस्कृतातले मूळ रूप मात्र ‘स्मरेत्’. विध्यर्थ, तिसरा पुरुष, एकवचन : त्याने स्मरावे, जो स्मरेल. पुढे ‘नित्यं’ आल्यामुळे ‘त्’चा ‘न्’ झाला. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतो तसाच हा संधी. शाळेत आपण सगळ्यांनी तो घोकला आहे, पण अंथरुणावर कुणी तो लावून पाहत नाही. त्याच्या आधीचा ‘यः’ म्हणजे ‘जो’, आणि शेवटच्या चरणातला ‘तस्य’ म्हणजे ‘त्याचे’. जो-तो ही जोडी मराठीत जशीच्या तशी आहे. घाईने म्हणताना ‘शयने यः’चे ‘शयनेय’ होते, ‘जो’ हरवतो, आणि मग ‘त्याचे’ कुणाचे ते कळत नाही. तेव्हा या श्लोकात ‘मी’ कुठेच नाही. ज्याला हवे त्याच्यासाठी सांगून ठेवलेली ती एक सोय आहे.

हे कळल्यावर नातू थोडा हिरमुसला. वचन देत होतो असे वाटणेच बरे होते, असे त्याने कळवले. आजोबांचे त्यावरचे उत्तर या पुस्तकात आहे. ते इथे सांगून वाचकाचा आनंद घालवत नाही.

शेवटचे क्रियापद ‘नश्यति’. त्याचे भाषांतर बहुतेक पुस्तिका ‘नाश करतो’ असे करतात, आणि मग कोण करतो ते शोधू लागतात. ‘नाश करतो’ला संस्कृतात ‘नाशयति’ म्हणतात. ‘नश्यति’ म्हणजे नाहीसे होते, दिसेनासे होते. वाट चुकून हरवलेल्या गाईलाही संस्कृतात नष्टच म्हणतात. काही ठिकाणी ‘दुःस्वप्नः’च्या जागी ‘दुःस्वप्नं’ असा पाठ ऐकू येतो, तो बहुधा याच घोटाळ्यातून आला असावा : म्हणणाऱ्याच्या मनात दुःस्वप्न हे कर्म झाले, म्हणून त्याने अनुस्वार लावला. स्वप्न मराठीत नपुंसकलिंगी, संस्कृतात पुल्लिंगी; तेही त्याला धार्जिणे पडले. इथे अथर्ववेदातला तो उतारा आठवावा. तिथे वाईट स्वप्न शत्रूकडे धाडले जात होते. या श्लोकात ते कुणाकडेच जात नाही, नुसते हरवते. मधल्या काळात कुणा अनामिकाने शत्रूचा पत्ता पुसून टाकला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. झोपणाऱ्या पोराच्या तोंडी तो शोभतो.

आता आजोबांचा प्रश्न : भीम तिथे काय करतोय? याचे उत्तर महाभारताच्या आदिपर्वात आहे. लाक्षागृहातून निसटल्यावर भीमाने थकलेल्या आईला आणि भावंडांना उचलून रानात आणले. ते जमिनीवर झोपले आणि भीम जागा राहिला. त्याच रात्री माणसांचा वास लागून हिडिंबाने बहिणीला पाठवले, मग स्वतः आला, आणि भीमाने त्याला मारले. झोपलेल्यांची राखण करणारा, रात्रीच राक्षसाशी लढणारा, असा हा भीम. वृकोदर म्हणजे लांडग्याच्या पोटाचा. जेवणाच्या पंगतीत हे नाव हसण्यावारी नेतात, पण रानातल्या रात्री लांडग्याची भूक असलेला माणूस आपल्या बाजूने असणे बरे. हनुमान त्याचा भाऊ, दोघेही वायूचे मुलगे. त्याने लंका पाहिली तीही रात्री. राम निशाचरांचा वैरी. नातवाने लगेच विचारले, मग लक्ष्मण का नाही? गुहाच्या गावी राम आणि सीता झोपले असता जागत बसला तो लक्ष्मणच. प्रश्न रास्त आहे. पाच नावे कुणी का निवडली याचे परंपरागत भाष्य आमच्या दोघांच्या हाती लागले नाही. जे सांगितले ते कथांवरून बसवलेले अनुमान, हे आजोबांनी पत्रात स्पष्ट लिहिले आहे.

स्कंदाबाबत माझा त्यांच्याशी मतभेद आहे. ते म्हणतात, देवांचा सेनापती म्हणून स्कंद. मला हे अपुरे वाटते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिला ग्रह स्कंदाच्या नावाचा. रात्री दचकून उठणारे, रडणारे, दूध न पिणारे मूल या ग्रहांच्या तावडीत सापडले असे मानत. म्हणजे मुलांना धरणारी शक्ती आणि मुलांना राखणारा देव, दोघांचे नाव एकच. ज्याच्यापासून भय त्यालाच पहाऱ्यावर बसवायचे, ही युक्ती आपल्या लोकधर्मात नवी नाही. देवीच्या साथीत शीतळादेवीलाच विनवत असत. आजोबांनी माझे म्हणणे तळटीपेत घातले आणि स्वतःचे मत कायम ठेवले. हिशेबनीस माणूस, नोंद करतो, पण खाते बदलत नाही.

अर्थ कळल्याशिवाय म्हणायचे की नाही, हा वादही जुनाच. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत आले आहे : मंत्रांना अर्थ नसतोच. त्यांतला शब्द बदलता येत नाही, क्रम बदलता येत नाही, मग अर्थाशी काय संबंध? यास्क उत्तर देतो की रोजच्या बोलण्यातही काही जोड्यांचा क्रम ठरलेलाच असतो. आणि आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. याच ग्रंथात अर्थ न जाणता पाठ करणाऱ्यालाही ओझे वाहणारा खांब म्हटले आहे. वाद वेदमंत्रांचा होता, झोपेच्या श्लोकाचा नव्हे. पण नातू आणि आजोबा नकळत याच दोन बाजूंना उभे आहेत. गंमत अशी की आजोबा कौत्साच्या बाजूचे. ‘अर्थ न कळता तुला झोप लागत होती ना?’ असे ते एका पत्रात विचारतात. नातू उत्तर देतो : ‘लागत होती. पण खोलीतल्या मित्राला सांगता येत नव्हतं.’

पुस्तकात पुढे आणखी काही श्लोक येतात, दिवेलागणीपासून अंथरुणापर्यंतचे. प्रत्येकाची तऱ्हा हीच : आधी मुलाला काय ऐकू येत होते, मग शब्द तोडून, विभक्ती लावून काय निघते, मग कथा. कुठल्या श्लोकाने काय फळ मिळते याची चर्चा यात नाही. दुःस्वप्न खरेच नाहीसे होते का, हे ज्याने त्याने आपल्या रात्रींवरून ठरवावे. वेदांच्या पाठाचे नियम इथे नाहीत. ती विद्या वेगळी आणि ती गुरूसमोर बसूनच यायची. संस्कृत अजिबात न येणाऱ्या वाचकाने परिशिष्टातला संधींचा तक्ता आधी पाहावा. तो दीड पानाचा आहे आणि पुस्तकभर पुरतो.

एक गोष्ट मात्र वाचायला लागण्याआधीच सांगायला हवी. हा श्लोक अनुष्टुभ छंदातला : चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरे. प्रत्येक चरणात पाचवे अक्षर लघू आणि सहावे गुरू हवे. आजोबांनी नातवाला बोटांवर अक्षरे मोजायला लावली. दुसरा, तिसरा, चौथा चरण बिनचूक उतरला. पहिल्यात अडले. पाचवे अक्षर ‘ह’ लघू, ते ठीक. सहावे ‘नु’, तेही लघू. रात्रीचे श्लोक रचणारा छंदात असा ठेचकाळेल का? दोघांनी आठवडाभर पत्रांतून डोके खाजवले, मग माझ्याकडे आले. उत्तर सोपे होते. संस्कृतात ‘हनुमत्’ आणि ‘हनूमत्’ अशी दोन्ही रूपे चालतात, आणि वाल्मीकींच्या रामायणात दीर्घ ‘नू’ ठायी ठायी भेटतो. ऱ्हस्व म्हणून चरण लंगडतो, दीर्घ म्हणून सरळ चालतो. आपण मराठीत हनुमान म्हणत आलो आणि श्लोकालाही तीच सवय लावली.

जुळाऱ्याने या जागी दोनदा दुरुस्ती केली आणि आम्ही ती दोनदा परत फिरवली. तेव्हा या पुस्तकात ‘हनूमन्तं’ दीर्घ ‘नू’ने छापलेला दिसेल, तो मुद्रणदोष नाही.